रविवारचा माल, सोमवारचं घर

हैदराबादच्या आबिड्समधल्या दुकानांची शटरं रविवारी खाली येतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर, पदपथांवर पुस्तकं येऊन बसतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास चाकरीत असलेल्या अल्बर्ट आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थानं इथं दुकान थाटलं, आणि दुकान गेलं तरी नाव राहिलं. आठवडाभर साड्या, चपला आणि मोबाइल विकणारा हा भाग रविवारी जुन्या पुस्तकांचा होतो. चादरी अंथरलेल्या, त्यांवर स्पर्धा परीक्षांची गाइडं, इंजिनिअरिंगची जाडजूड पाठ्यपुस्तकं, इंग्रजी कादंबऱ्या, तेलुगू आणि उर्दू पुस्तकं. मधेच एखादं मराठी पुस्तक डोकं वर काढतं. त्यात नवल काही नाही. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, उस्मानिया विद्यापीठात शिकायला तिकडची मुलं येत, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, गवळीगुडा या भागांत मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदली. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच वस्तीचं. तिथलं एखादं जुनं घर मोकळं झालं, मुलं पुण्याला किंवा परदेशी गेली, की कपाटातली पुस्तकं आधी रद्दीवाल्याकडे जातात आणि तिथून चादरीवर.

या चादरींवरून पुस्तकं उचलून ती फोनवरून देशभर विकणं हा आता एक घरगुती धंदा आहे. त्याला दुकान लागत नाही, पागडी लागत नाही, नोकर लागत नाही. फोन, पॅकिंगच्या पिशव्या आणि चांगली नजर एवढ्यावर सुरुवात होते. मग दोनएक वर्षांत हॉलमध्ये सोफ्यामागे पेट्या, पलंगाखाली पेट्या, देवघराच्या खाली पेट्या, आणि ग्राहकानं मागवलेलं पुस्तक नेमकं कोणत्या पेटीत ते कुणालाच ठाऊक नाही, अशी घराची अवस्था होते. धंदा बुडतो तो गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे. पुस्तक घरात असून सापडत नाही म्हणून. विकलेलं पुस्तक रद्द करावं लागलं की संकेतस्थळावरचं मानांकन घसरतं, आणि पुढची पुस्तकं गिऱ्हाइकाच्या नजरेलाच पडत नाहीत.

म्हणून या कोपऱ्याची पहिली गोष्ट जागा नाही, क्रम आहे. घरातल्या वाचकाचं कपाट विषयानं लागतं. इतिहास एकीकडे, कादंबऱ्या दुसरीकडे, आवडत्या लेखकाची पुस्तकं डोळ्यांसमोर. विक्रीच्या साठ्याला ही शिस्त मारक ठरते. विषयवार लावलेल्या फळीत नवं पुस्तक आलं की मधे जागा करावी लागते, सगळी ओळ सरकवावी लागते, आणि दर महिन्याला दोनशे पुस्तकं येणार असतील तर दर महिन्याला अख्खं कपाट हलतं. ऑनलाइन गिऱ्हाईक कपाटासमोर उभं राहून चाळत नाही. त्याला विषय शोधून देण्याचं काम फोनवरची यादी करते. फळीनं फक्त एवढंच सांगायचं असतं, की हे पुस्तक इथं आहे.

त्यामुळे मुरलेले विक्रेते आलेल्या क्रमानं पुस्तकं लावतात. रॅकला अक्षर, फळीला आकडा, फळीवरच्या जागेला आकडा: क-३-१२ म्हणजे क रॅकची तिसरी फळी, डावीकडून बारावं. ज्ञानेश्वरीची एखादी आवृत्ती, शेजारी रसायनशास्त्राचं गाइड, त्याशेजारी पाककृती असा शेजार बघून पाहुणे हसतात. हसू द्यावं. पुस्तक विकलं गेलं की ती जागा रिकामी राहते आणि नवं पुस्तक त्याच रिकाम्या जागेत बसतं; बाकी काही हलत नाही. क्रमांक लिहायला शिसपेन्सिल आणि कागदाची पट्टी पुरते. पट्टी पुस्तकात अर्धी आत, अर्धी बाहेर. चिकटपट्टीचं लेबल मुखपृष्ठावर लावू नये, कारण काढताना ते रंगाचा पापुद्रा घेऊन येतं, आणि जुन्या पुस्तकात मुखपृष्ठाला किंमत असते.

आता घरची माणसं. क-३-१२ हे पुस्तक रात्री जेवण झाल्यावर आजोबांनी वाचायला काढलं आणि सकाळी ते अ-१-४च्या शेजारी ठेवलं, तर ते हरवल्यातच जमा. आजोबांची चूक नाही. घरात पुस्तक दिसलं की ते आपलंच, असं धरून चालण्याचा हक्क घरातल्या माणसाला असतो. म्हणून सीमा दिसायला हवी, सांगावी लागता कामा नये. सर्वांत साधा उपाय रॅकचा रंग. विक्रीचे रॅक करड्या लोखंडी अँगलचे, घरची पुस्तकं लाकडी कपाटात. आणि एका फळीवरही मिसळ नाही. 'हे विकायचं आहे की आपलं?' हा प्रश्न मुलांनी विचारला, तर समजावं की कुठेतरी मिसळ झाली आहे. कुणाला विक्रीचं पुस्तक वाचायचंच असेल, तर त्याच्या जागी नाव लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची आणि यादीत ते पुस्तक तेवढे दिवस 'बंद' करायचं. ग्रंथालयांत ही पद्धत पिढ्यांपासून आहे, घरी फक्त ती मनावर घ्यावी लागते.

जागेचा प्रश्न त्यानंतरचा, पण तो अधिक वजनदार आहे. अगदी शब्दशः. पुस्तकं किती जड असतात याचा अंदाज घर बदलताना येतो आणि नंतर विसरला जातो. फळीवर एक मीटर लांबीत साधारण साठ पुस्तकं मावतात आणि ती मिळून पंचवीस ते तीस किलो भरतात. कोठीच्या बाजारातली वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं असतील तर त्याहून जास्त. सहा फुटी, तीन फूट रुंद, सहा फळ्यांचा एक रॅक घ्या. साडेपाच मीटरांच्या आसपास लांबी, तीनशे-सव्वातीनशे पुस्तकं, रॅकसकट पावणेदोनशे किलो. आणि हे सगळं वजन जेमतेम तीन चौरस फूट जमिनीवर.

भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात कोणत्या खोलीच्या जमिनीनं किती भार पेलला पाहिजे हे ठरवून दिलं आहे. राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं दोनशे किलो. ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्याच्या खोलीसाठी ६ किलोन्यूटन, आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्यावर आणखी. याचा अर्थ असा, की ग्रंथालयाची जमीन मुळातच तिप्पट भारासाठी बांधलेली असते आणि आपल्या घराची तशी नसते.

म्हणून घाबरायचं का? हिशेब करून बघू. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. राहत्या घराच्या हिशेबानं ती सुमारे बावीसशे किलो भार धरून आखलेली, आणि हा भार पसरलेला आहे असं गृहीत धरलेलं. चार रॅक भिंतीला लावून ठेवले तर सातशे किलो, बाराशे-तेराशे पुस्तकं. एक टेबल, दोन माणसं एवढं धरूनही चालेल, पण रॅक भिंतीलगत, तुळईच्या जवळ, आणि एकमेकांपासून पसरून हवेत. हेच रॅक दहा झाले, मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि वर पेट्यांची थप्पी चढली, की आकडा हद्दीला टेकतो आणि भार नेमका जमिनीच्या सर्वांत कमजोर जागी, म्हणजे दोन भिंतींच्या मधे येतो. नव्या काँक्रीटच्या इमारतीत हा हिशेब लागू आहे. आबिड्सच्या आसपासच्या जुन्या घरांत, जिथं वरचा मजला लोखंडी गर्डरांवर फरशी टाकून केलेला असतो, तिथं कोणताही हिशेब घरी बसून करू नये. गर्डर गंजलेला असू शकतो, आणि तो खालून गिलाव्याच्या आत असल्यानं दिसत नाही. अशा घरात साठा तळमजल्यावर, नाही तर इंजिनिअरला दाखवून. चालताना जमीन थरथरत असेल, रॅकजवळ फरशीच्या सांध्यात नवी चीर दिसली असेल किंवा खालच्या घराच्या छतावर गिलावा सुटला असेल, तर साठा त्याच दिवशी कमी करायचा.

रॅकच्या बाबतीत दोनच गोष्टी नडतात. फळी लांब झाली की ती मधे पोट सोडते. अठरा मिलिमीटर प्लायवुडची फळी तीन फुटांहून जास्त आधाराविना नसावी, अडीच फूट त्याहून बरं. आणि सहा फुटी रॅक भिंतीत वरच्या बाजूला अँकर ठोकून बांधलेला हवा, कारण मूल त्याच्या फळ्यांवर पाय देऊन चढतं. जड पुस्तकं खाली, हलकी वर, हे तर ओघानं आलंच. सर्वांत खालची फळी मात्र जमिनीपासून वीतभर वर असू द्यावी. फरशी पुसताना पाणी उडतं, पावसाळ्यात बाल्कनीतून पाणी आत येतं, आणि वाळवी जमिनीतून चढते. रॅक आणि बाहेरची भिंत यांत चार बोटं फट ठेवली तर भिंतीची ओल पुस्तकाला लागत नाही आणि मागे वाळवीची मातीची नळी चढू लागलीच तर टॉर्चनं ती दिसते.

आबिड्सच्या चादरीवरून येणारं पुस्तक एकटं येत नाही. त्याच्यासोबत धूळ येते, बुरशी येते, झुरळांची अंडी येतात आणि ज्याला मराठीत कसर म्हणतात ते चंदेरी किडे येतात. ही वरात थेट रॅकवर नेणं म्हणजे आधीच्या बाराशे पुस्तकांना आमंत्रण देणं. म्हणून रॅकवर जाण्याआधी एक थांबा असावा. झाकणाच्या दोन मोठ्या प्लास्टिकच्या पेट्या आणि त्या ठेवायला कोरडी जागा पुरते. पण ही जागा स्वयंपाकघराजवळ नको आणि लहान मुलाच्या खोलीत तर नकोच. रविवारी आणलेली पुस्तकं इथं थांबतात. एकेक पुस्तक बाल्कनीत नेऊन, मास्क लावून, मऊ ब्रशनं पानांच्या तिन्ही कडा झाडायच्या आणि पाठीच्या पुठ्ठ्याखाली टॉर्च मारायचा. पानांत भुसा दिसला, छोटी गोल छिद्रं दिसली, तर ते पुस्तक वेगळं काढायचं.

कीड असलेल्या पुस्तकावर घरी करता येण्याजोगा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे थंडी. पुस्तक जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करायचं आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतली वाफ जमून पुस्तक ओलं होतं. इथं घरच्या फ्रीजची सीमा आडवी येते, आणि यायलाच हवी. आइस्क्रीमशेजारी किडलेली पुस्तकं ठेवायला कोणतंही घर तयार होणार नाही. धंदा तेवढा असेल तर छोटा वेगळा फ्रीझर घ्यावा, नसेल तर किडलेलं पुस्तक विकत घेऊच नये. डांबराच्या गोळ्यांचा मोह टाळावा. नॅफ्थलिनची वाफ बंद खोलीत श्वासातून जाते, आणि काही बाळांमध्ये जन्मतः असलेल्या एका रक्तदोषामुळे ती तांबड्या पेशी फोडू शकते. पुस्तकाला जो वास येतो तो गिऱ्हाइकालाही आवडत नाही, ही त्याहून किरकोळ बाब. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला वापरण्याची जुनी रीत निरुपद्रवी आहे. कीड झालेली असेल तर त्यांचा उपयोग नाही.

बुरशीचं निराळं. तिला ओल लागते. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बंद कपाटातल्या पुस्तकावर पांढरट ठिपके उगवतात. हैदराबादचा उन्हाळा कोरडा, पण जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते. चारशे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक रॅकवर ठेवला की अंदाजानं बोलणं थांबतं. आकडा साठच्या वर गेला की दारं उघडी, पंखा चालू, फळीवर बोटभर सैलपणा. ओल जात नसेल तर तो कोपरा पुस्तकांचा नव्हेच. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेला कोपरा तर कधीच नाही, मग तो कितीही सोयीचा दिसो.

आगीबद्दल मात्र सैलपणा चालत नाही, आणि या शहरात ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. १३ नोव्हेंबर २०२३, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, नामपल्लीच्या बाजारघाटमधल्या एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांपैकी नऊ माणसं गेली. बाजारघाट आबिड्सहून फार दूर नाही. १८ मे २०२५ला पहाटे चारमिनारजवळच्या गुलजार हौजला खाली दुकानं आणि वर घर असलेल्या इमारतीत आग लागली. आत-बाहेर जायची वाट एकच आणि अरुंद होती. सतरा जण दगावले, त्यांत आठ मुलं. त्याआधी १२ सप्टेंबर २०२२ला सिकंदराबादेत विजेच्या दुचाकींच्या दुकानातून उठलेला धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ जण गेले. या तिन्ही ठिकाणी माल खाली आणि माणसं वर होती, आणि माणसांची वाट मालाच्या बाजूनं जात होती.

पुस्तकांचा कोपरा त्यांच्या तुलनेत भाबडा वाटतो, आणि अर्धं ते खरंही आहे. फळीवर घट्ट लावलेली पुस्तकं लगेच पेटत नाहीत. पानांमधे हवा नसते, कडा करपतात आणि आग हळू चढते. पेटतं ते त्यांच्याभोवतीचं पॅकिंग. बबल रॅपची गुंडाळी, थर्माकोल, मोकळी खोकी, कापलेल्या कागदाच्या पट्ट्या, हे सगळं काही क्षणांत भडकतं आणि प्लास्टिकचा काळा धूर सोडतं. माणसं बहुतेक वेळा ज्वाळेनं नाही, धुरानं जातात. त्यामुळे साठ्यापेक्षा पॅकिंगच्या सामानाची जागा आधी ठरवली पाहिजे: आठवड्यापुरतं सामान, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, स्विचबोर्डापासून आणि गॅसपासून दूर. मोकळी खोकी उघडी साठवायची नाहीत, घडी करून ठेवायची. आणि घराच्या दारात, जिन्यात, लिफ्टसमोर एकही पेटी नाही, एका रात्रीपुरतीही नाही. अपार्टमेंटमधला जिना ही सगळ्या इमारतीची सुटकेची वाट असते. तिथं ठेवलेला माल शेजाऱ्याच्या वाटेत ठेवलेला माल आहे.

विजेचा प्रश्न बहुधा एका उपकरणावरून सुरू होतो. पुस्तकं पारदर्शक वेष्टनात बंद करायला वापरतात ती हीट गन पंधराशे ते दोन हजार वॉटची असते, म्हणजे साडेसहा ते नऊ अँपिअर. भिंतीवरचा साधा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. त्यातून एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डावर फोनचे चार्जर, लेबल छापायचा प्रिंटर, आणि हीट गन. वायर गरम होते, काही दिवस काही होत नाही, आणि मग एके दिवशी बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं. तो पिवळेपणा हीच सूचना. ट्रूप बाजार हाकेच्या अंतरावर आहे, तिथून सोळा अँपिअरचा सॉकेट आणून इलेक्ट्रिशियनकडून वेगळ्या वायरवर बसवून घेणं फार खर्चाचं नाही, आणि वितरण पेटीत तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच नसेल तर तोही त्याच फेरीत. काम संपलं की त्या कोपऱ्याची वीज एका बटणानं बंद व्हायला हवी. विजेच्या स्कूटरची बॅटरी याच कोपऱ्यात किंवा दारात चार्ज करण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी.

दोन किलोचं एबीसी प्रकारचं अग्निशामक दाराजवळ टांगावं. रॅकच्या मागे नव्हे. आग रॅकजवळच लागणार असेल तर तिकडे हात जाणार कसा? काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते महिन्यातून एकदा बघायचं. ते खोक्याएवढ्या आगीसाठी आहे. आग त्याहून मोठी झाली तर दार ओढून घ्यायचं, बाहेर पडायचं आणि १०१ लावायचा. साठ्याच्या खोलीतल्या खिडकीला पक्की जाळी असेल तर तिच्यात आतून उघडणारी एक झडप करून घ्यावी. आणि या खोलीत कुणी झोपत असेल तर ती साठ्याची खोली नव्हे, हा नियम सैल करता येत नाही.

दिवाळी हा या धंद्याचा अवघड काळ, दोन कारणांनी. एक तर फटाके. बाल्कनीत ठेवलेल्या खोक्यांवर एक भरकटलेला बाण पुरे होतो. ऑक्टोबर २०२४मध्ये, दिवाळीच्या ऐन तोंडावर, बोग्गुलकुंट्यात फटाक्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा शेजारच्या टिफिन सेंटरलाही तिनं गिळलं. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत बाल्कनी मोकळी व्हायला हवी, आणि पणत्या रॅक असलेल्या भिंतीच्या खिडकीत ठेवायच्या नाहीत. दुसरं कारण साफसफाई. घर झाडायला काढलं की सगळी पुस्तकं खाली येतात, आणि मदतीला आलेली बाई किंवा आत्या ती आपल्या समजुतीनं उंचीप्रमाणे छान लावून ठेवते. चार महिन्यांची यादी एका दुपारीत निकालात निघते. विक्रीचे रॅक साफसफाईतून वगळावेत, ते धंदा करणारीनं किंवा करणाऱ्यानं एकेक फळी करून स्वतः झाडावेत. घरातल्यांना हे आधी सांगितलं नाही तर नंतरचं भांडण अटळ, आणि त्यात चूक कुणाची ते कधीच ठरत नाही.

वेळेची सीमा आबिड्सच्या भागात पोस्टानं आखून दिल्यासारखी आहे. जनरल पोस्ट ऑफिस जवळ आहे, आणि १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत, कर वेगळा, आणि पार्सल कुठं पोहोचलं ते बघण्याची सोय. ती जमिनीवरून जाते, म्हणून वेळ लागतो, आणि जाहिरातींनी भरलेली प्रकाशनं किंवा नियतकालिकं तिच्यात बसत नाहीत. ज्याच्या पुस्तकाची किंमत दोनशे रुपये आहे त्याला टपालात ऐंशी रुपये घालवणं परवडत नाही, म्हणून या धंद्याला ही सेवा लागू पडते. तिचा एक फायदा दरपत्रकात छापलेला नाही: दिवसातून एक फेरी. सकाळी दहा ते बारा पॅकिंग, दुपारी पोस्टाची एक फेरी, आणि त्यानंतर आलेली ऑर्डर उद्याची. कुरिअरची मुलं दिवसभर दारात येत असतील तर दार कधीच घरचं राहत नाही. ती येणार असतील तर त्यांना इमारतीच्या खाली भेटायचं आणि एकाच वेळी बोलवायचं. गिऱ्हाइकांना घरी बोलवू नये, पुस्तक बघायला म्हणूनही नाही. त्यासाठी रविवारची चादर आहे. फोनही एक निराळा, आणि संध्याकाळी सातनंतर तो रॅकवर, स्वयंपाकघरात नाही.

पैशाची सीमाही अशीच दिसायला हवी. वेगळं बँक खातं उघडलं की किती पुस्तकं घेतली आणि किती खपली हे घरखर्चात मिसळत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला त्याची नोंदणीही लागत नाही. जोडीला डायऱ्या, खेळणी, भेटवस्तू आल्या की हिशेब बदलतो, म्हणून तो मोह धंद्याच्या सुरुवातीला टाळलेला बरा. महापालिकेचा व्यापारी परवाना लागतो का हे आपल्या सर्कल कार्यालयात विचारावं, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. विम्याचा घोटाळा मात्र अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे मिळणारी भारत गृह रक्षा ही पॉलिसी घर आणि घरातलं सामान यांच्यासाठी आहे. विकायला आणलेला माल हे घरातलं सामान नव्हे. त्याच्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे, आणि दोन्ही घेताना राहत्या घरात साठा आहे हे अर्जात लिहिलेलं असावं. ते लिहिलं नाही तर ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी कंपनीला नाकारायला कारण मिळतं. दाव्याला आकडा लागतो, आणि आकडा त्या क-३-१२च्या यादीतूनच येतो, म्हणून यादीची प्रत घराबाहेर, मेलवर किंवा दुसऱ्याच्या घरी असू द्यावी.

उरतो तो वाढीचा प्रश्न. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात खरेदीची चटक विक्रीच्या चटकेहून जोरकस असते. रविवारी चादरीवर तीस रुपयांना मिळालेलं पुस्तक सोडवत नाही. म्हणून कोपऱ्याची क्षमता आधीच ठरवायची: चार रॅक, तेराशे पुस्तकं, पाचवा रॅक नाही. जागा भरली की खरेदी थांबते. वर्षभर हललं नाही ते पुस्तक किंमत कमी करून काढायचं, तरी नाही गेलं तर दहा-वीसचा गठ्ठा करून पुन्हा आबिड्सच्या त्याच विक्रेत्याला, नाहीतर शेवटी रद्दीला किलोवर. आणि विक्री खरोखर वाढली, महिन्याला तीन-चारशे पुस्तकं जाऊ लागली, तर धंदा कोपऱ्यात मावत नाही असं मानून तळमजल्यावर एक कोरडी खोली भाड्यानं घ्यायची वेळ झाली आहे. भाडं परवडतं की नाही हे वेगळ्या बँक खात्यात दिसतं. ते परवडत नसेल तर तीन-चारशे पुस्तकं विकून उरत काय होतं, हा हिशेब आधी तपासून बघावा.